मोराच्या अंगावर ‘चष्मे’

लक्ष्मी रोडवरच्या एका साडीच्या दुकानाच्या शोकेसचा फोटो मी दसऱ्याच्या आधी काढला. कॅलेंडरसाठी हवा होता. काचेआड पुतळ्याला नेसवलेली हिरवी पैठणी, पदर पूर्ण पसरलेला, त्यावर बांगडी मोर. संध्याकाळचे साडेसहा, आतले दिवे लागलेले, आकाश अजून पुरतं काळं नाही. शोकेस टिपायची हीच वेळ. घरी येऊन फोटो उघडला तेव्हा पदराच्या बरोबर मधोमध लाल अक्षरं दिसली, उलटी. समोरच्या दुकानाची एलईडीची पाटी होती ती, आणि तिच्यावरचा एकच शब्द काचेत उमटला होता, ‘चष्मे’.

समोर उभं असताना मला ती दिसलीच नव्हती. डोळा साडी बघत असतो तेव्हा काचेवरचं मनातून वगळून टाकतो. कॅमेरा काही वगळत नाही. दोन मीटर रुंदीची पाटी, माझ्यापासून काच तीन मीटरवर, काचेपासून पाटी नऊ मीटरवर. म्हणजे प्रतिबिंब बारा मीटर लांबचं आणि साडी चार मीटरवरची. हिशेब केला तर पदरावर ती पाटी साधारण दोन फूट रुंद पडते. पदराचा अर्धा भाग तिने व्यापला होता.

त्या एका फोटोने जे शिकवलं ते पुढे लिहितो आहे. यातलं बरंचसं आधी चुकून मग कळलेलं आहे.

१. अक्षरं नेमकी कुठं आहेत ते आधी ठरवा

उलटी दिसतात म्हणजे प्रतिबिंबच, असं धरून चालू नका. आतून वाचण्यासाठी काचेवर चिकटवलेलं स्टिकरही बाहेरून उलटं दिसतं. आतल्या आरशात दिसणारी अक्षरं तर आणखी निराळी. जागेवर असाल तर डोकं एक फूट डावी-उजवीकडे हलवून बघा. स्टिकर काचेच्या चौकटीला धरून राहतं. आतल्या वस्तूवरचं लेबल त्या वस्तूला सोडत नाही. प्रतिबिंब मात्र साडीवरून सरकत जातं, कारण ते साडीच्याही खूप मागे आहे. हे बघायला पाच सेकंद लागतात. स्टिकर मागचा प्रकाश अडवतं, प्रतिबिंब मागच्या प्रकाशात भर घालतं, आणि पुढची सगळी कामाची पद्धत या एका फरकावर ठरते.

२. झाकलं की मोर बदलतो

पहिल्यांदा मी सगळे करतात तेच केलं. क्लोन स्टॅम्प घेतला, पदराचा शेजारचा स्वच्छ भाग उचलला आणि अक्षरांवर बसवला. पदरावर नक्षी परत परत येते, मग उचलायला काय हरकत? तीन तास बसलो. स्क्रीनवर सुरेख दिसत होतं. दुकानाच्या मालकांना सगळा रस्ता काका म्हणतो. त्यांना प्रिंट दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाजवळ नेला आणि विचारलं, “अहो, हा मोर मागं कुणाकडं बघतोय?”

मोर जोडीने समोरासमोर होते. मी डावीकडचा उचलून उजवीकडच्याच्या अंगावर बसवला होता, त्यामुळे धड एकीकडे आणि मान दुसरीकडे झाली होती. शिवाय पैठणीत नक्षीचे रंगीत धागे हाताने, जागच्या जागी अडकवून विणलेले असतात. दोन मोर अगदी सारखे कधीच नसतात. एकाची चोच एका धाग्याने पुढे, दुसऱ्याचा पिसारा एका पायरीने आखूड. मी त्यांना जुळे भाऊ करून टाकलं होतं. “ही साडी येवल्याहून आली, ज्यांनी विणली ते हे कॅलेंडर लावणार आहेत घरात,” असं काकांनी सांगितलं आणि प्रिंट परत माझ्या हातात दिली.

चूक ब्रशची नव्हती. अक्षरांच्या खाली साडी नाहीच, असं मी गृहीत धरलं होतं. ती होती. काचेतून आलेला साडीचा प्रकाश तिथेही सेन्सरवर पडलाच होता, फक्त त्यावर पाटीचा प्रकाश चढला होता. झाकण्याऐवजी हा वरचा प्रकाश उतरवला असता तर खालचा खरा मोर मिळाला असता.

३. वजाबाकी आकड्यांची नाही, प्रकाशाची करायची

मग उतरवायला बसलो आणि दुसऱ्या चुकीत अडकलो. शोकेसच्या मागची फळी करड्या रंगाची, सपाट, बिननक्षीची होती. ‘च’चं एक टोक तिच्यावर येत होतं. लाल चॅनलचे आकडे घेतले. अक्षराबाहेर फळी ९०, अक्षराच्या आत १६०. म्हणजे पाटीने ७० वाढवले. मग अक्षराच्या आकारात सगळीकडून ७० वजा केले. फळीवरचं अक्षर साफ गेलं. हिरव्या रेशमावरचं फिकट होऊन तसंच राहिलं. आणि जरीवर तेच अक्षर काळं होऊन उमटलं.

असं एकच अक्षर अंधाऱ्या जागी उजळ आणि उजळ जागी काळं दिसलं, तर समजावं की वजाबाकी चुकीच्या आकड्यांवर झाली आहे.

फोटोच्या फाइलमधला ० ते २५५ चा आकडा हे प्रकाशाचं सरळ माप नसतं. डोळ्याला अंधारातले बारकावे जास्त कळतात, म्हणून फाइलमध्ये अंधाराला जास्त आकडे आणि उजेडाला कमी आकडे वाटून दिलेले असतात. ९० या आकड्याचा खरा प्रकाश कमालीच्या साधारण १० टक्के भरतो आणि १६० चा ३५ टक्के. म्हणजे पाटीने भर घातली ती २५ टक्के प्रकाशाची, ‘७०’ ची नव्हे. आता हेच २५ टक्के दुसरीकडे घालून बघा. हिरव्या रेशमाचा लाल चॅनल मुळात ३० होता, खरा प्रकाश जेमतेम सव्वा टक्का. त्यात २५ घातले की आकडा १४० होतो, वाढ ११० ची. जरीचा मूळ आकडा २००, खरा प्रकाश ५८ टक्क्यांच्या आसपास. त्यात तेच २५ घातले तर आकडा २३५ च्या जवळ जातो, वाढ फक्त ३५ ची.

पाटीने तिन्ही ठिकाणी अगदी सारखा प्रकाश टाकला, पण आकडे वाढले ११०, ७० आणि ३५. मी सगळीकडून ७० काढले, म्हणून रेशमावर ४० उरले आणि जरीतून ३५ जास्त गेले.

म्हणून वजाबाकी सरळ प्रकाशाच्या मापात व्हायला हवी. मी हे काम GIMP मध्ये करतो. Image > Precision मध्ये ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट आणि लिनिअर लाइट निवडायचं. वजा करायच्या थराचा मोड Subtract ठेवायचा. मग थरावर उजवं बटण दाबून Blend Space आणि Composite Space दोन्ही RGB (linear) करायचे. दुसरं विसरलात तर थराची अपारदर्शकता कमी-जास्त करताना पुन्हा तोच घोटाळा होतो. मूळ फाइल रॉ हवी आणि ती उघडताना कॉन्ट्रास्ट, टोन कर्व्ह, सावल्या उचलणं असं सगळं बंद हवं. कॅमेऱ्याने बनवलेल्या जेपेगमध्ये हे सगळं आधीच शिजवून टाकलेलं असतं. तिथून खऱ्या प्रकाशापर्यंत परत जाता येत नाही, फार तर अंदाज बांधता येतो.

४. साडी विकली गेली तरी पाटी तिथेच असते

आता प्रश्न उरला की वजा करायचं काय? हाताने अक्षरं रेखाटून बघितली. जमेना. शोकेसची काच जाड, टफन केलेली होती. अशी काच तापवताना रुळांवरून जाते आणि तिच्या पाठीवर बारीक लाटा राहतात. त्या लाटांमधून आरपार बघताना काहीच जाणवत नाही, पण प्रतिबिंब मात्र हिंदकळतं. आत साडी सरळ आणि वर अक्षरं नागमोडी. त्यात काचेला दोन पृष्ठभाग, प्रत्येकाचं प्रतिबिंब वेगळं, म्हणजे प्रत्येक अक्षराला काही पिक्सेल सरकलेली सावलीसारखी दुसरी प्रत. शिवाय फोकस चार मीटरवरच्या साडीवर असल्याने बारा मीटरवरची पाटी थोडी पसरलेली. हे सगळं हाताने काढणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

माझा मदतनीस म्हणाला, “सर, साडीचा फोटो परत काढता येत नाही, ती गेली. पण चष्म्याचा काढता येतो की!” मी त्याच्याकडे बघतच राहिलो. साडी खरंच तिसऱ्या दिवशी विकली गेली होती. पण प्रतिबिंब हवं तर साडी लागतच नाही. काच तीच, पाटी तीच, आणि कॅमेरा त्याच जागी, एवढं पुरतं.

आठवड्याने रात्री साडेनऊला गेलो. काकांनी दुकान बंद केलं, आतले दिवे मालवले. शोकेसच्या आत, काचेच्या मागे, आम्ही काळी मखमल सोडली. सुती कापड चालत नाही, त्यावर रस्त्याचा उजेड पडून ते करडं दिसतं. आता काचेतून आतलं काहीच येत नव्हतं, होतं ते फक्त काचेने परतवलेलं. समोरची पाटी दहापर्यंत चालू असते, म्हणजे हातात अर्धा तास.

कॅमेऱ्याची जागा परत गाठणं हे खरं काम. पहिल्या फोटोत काचेच्या चौकटीचा कोपरा, शटरच्या पट्टीचा एक बोल्ट आणि खालच्या फरशीचा सांधा दिसत होता. मूळ फोटो फोनवर उघडून हे तिन्ही जागच्या जागी येईपर्यंत ट्रायपॉड सरकवला. चौकटीचा कोपरा आणि त्यामागचा बोल्ट यांच्यातलं अंतर मूळ फोटोतल्याइतकंच दिसायला हवं, तरच जागा बरोबर. नुसती चौकट जुळवली तर कॅमेरा तिरका फिरवूनही ती जुळल्याचा भास होतो. लेन्स तीच, ५० मिमी. अॅपर्चर तेच, f/8. फोकससाठी मदतनीसाने आत जाऊन साडी जिथे होती तिथे एक छापील पावती टॉर्चच्या उजेडात धरली. तिच्यावर फोकस बांधला, मग लेन्स मॅन्युअलवर टाकली आणि पावती काढली. असं केल्याने पाटी पहिल्याइतकीच धूसर आली. शटर १/६० तेच ठेवलं, पण एलईडी आपल्याकडच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते, त्यामुळे इतक्या छोट्या वेळात प्रत्येक फोटोत पाटीची चमक थोडी वेगळी येते. म्हणून वीस फोटो काढले आणि नंतर त्यांची सरासरी घेतली. सरासरीने फोटोतला दाणेदार रवाही निवतो, तो फायदा वेगळा.

काळ्या पार्श्वभूमीवर लाल, उलटा, हिंदकळता, दुहेरी ‘चष्मे’. जे मला हाताने काढता येत नव्हतं ते जसंच्या तसं हाती आलं होतं. मधे एका रिक्षाचा दिवाही आला होता, पण पाटीपुरता मास्क केला की त्याच्याशी आपल्याला घेणंदेणं नाही.

५. उजळ कडेकडे सरकवा

हा फोटो मूळ फोटोवर Subtract मोडमध्ये ठेवला. अक्षरं गेली नाहीत, नाण्यावरच्या छापासारखी उठून आली. प्रत्येक रेघेची एक कड उजळ, दुसरी काळी. घाबरलो, पण हे उलट चांगलं लक्षण होतं. ताकद बरोबर आहे, फक्त थर दोन-तीन पिक्सेल सरकलाय. उजळ कडेला मूळ अक्षर उरलं आहे, काळ्या कडेला नसलेलं अक्षर वजा झालं आहे. म्हणून थर उजळ कडेच्या दिशेने ढकलायचा. एकेक पिक्सेल बाणाच्या कळीने ढकलत गेलो आणि उठाव बसला.

देवनागरीत इथे एक सोय आहे आणि एक त्रासही. शिरोरेषा लांब, आडवी, सरळ असते, त्यामुळे थर वर-खाली किती हलवायचा ते तिच्यावरून लगेच कळतं. पण तीच सगळ्यात शेवटी जाते. अक्षराचा तुटका गोलवा थोडा उरला तरी नक्षीत खपून जातो. दोन फुटांची एक रेघ मात्र अगदी किंचित उरली तरी डोळा तिला धरून ओढत नेतो. म्हणून मी आधी शिरोरेषा घालवतो, मग खाली उतरतो.

ताकद ठरवायला पुन्हा तीच करडी फळी. थराची अपारदर्शकता हळूहळू खाली आणली आणि फळीवरचा ‘च’ दिसेनासा झाला तिथे थांबलो. ९४ टक्के निघाले. वर म्हटलं तसं मूळ फोटोच्या क्षणी पाटी सरासरीपेक्षा थोडी मंद असणार. फळीवर ठरलेली हीच ताकद मग रेशमावर, जरीवर, पुतळ्याच्या हातावर तशीच चालली, एकाही ठिकाणी वेगळी करावी लागली नाही. नक्षीवर बघून ताकद ठरवायला जाल तर फसाल, कारण मोराच्या निळ्या धाग्यात किती लाल मुळात होता हे तुम्हाला माहीतच नसतं. सपाट जागा खोटं बोलत नाही. पुढच्या कामांत मी शोकेसच्या कोपऱ्यात मुद्दाम एक करडा कागद ठेवायला लागलो.

६. जिथे जळलं तिथे वजाबाकी संपते

सगळं उतरलं नाही. ‘मे’च्या मात्रेखाली जरीचा एक जाड पट्टा होता, आणि तिथे जरीचा प्रकाश अधिक पाटीचा प्रकाश मिळून लाल चॅनल २५५ ला जाऊन टेकला होता. भांडं भरून वाहिलं की किती वाहून गेलं ते भांड्यावरून सांगता येत नाही. वजा केल्यावर तिथे सपाट, मेलेल्या रंगाचा डाग आला, नक्षीचा मागमूस नाही.

सुदैव एवढंच की पाटी लाल होती. लाल एलईडीचा प्रकाश लाल चॅनलमध्येच जमतो, हिरव्यात अगदी थोडा जातो. हिरवा चॅनल एकटा उघडून बघितला तर त्यात मोर जवळजवळ स्वच्छ, पायांच्या नखांसकट. मग त्या पट्ट्यापुरता लाल चॅनल हिरव्यावरून परत बांधला. शेजारच्या स्वच्छ जरीवर लाल आणि हिरवा यांचं प्रमाण मोजलं, त्या प्रमाणात हिरवा उजळ केला आणि लालच्या जागी बसवला. मात्र हे प्रमाण प्रत्येक धाग्याला वेगळं असतं. जरीचं निळ्या रेशमाला लावलं तर मोराची मान जांभळी होते, माझी झालीही. चार रंगांसाठी चार छोटे मास्क करावे लागले. पाटी पांढरी असती तर तिन्ही चॅनल एकदम जळले असते आणि मी हात टेकले असते.

दुसरा उरलेला माग जास्त विचित्र होता. अक्षरं गेली, रंग जुळला, पण प्रिंट तिरकी धरली की हिरव्या रेशमावर ‘चष्मे’ अजूनही वाचता येत होतं, फक्त रव्यात. प्रकाश वजा होतो, त्याच्याबरोबर आलेला रवा होत नाही. त्या रेशमावर पाटीने मूळच्या जवळजवळ वीस पट प्रकाश टाकला होता, म्हणजे रवा मूळच्या साडेचार पट. शेजारचं रेशीम गुळगुळीत आणि अक्षराच्या आकारात खरखरीत. त्यावर इलाज म्हणून पाटीचाच मास्क वापरून फक्त लाल चॅनलचा रवा निववला आणि शेवटी पूर्ण फोटोवर अगदी हलका, सारखा रवा टाकला. एकट्या अक्षराला पूर्ण साफ केलं असतं तर उलट गुळगुळीत ‘चष्मे’ दिसले असते!

७. दिवसा हिशेब उलटा होतो

हे दुसऱ्या एका कामातलं. भर दुपारी समोरच्या इमारतीवरची पांढरी पाटी, काळी अक्षरं, आणि काचेत उलटी काळी अक्षरं दिसत होती. मी सवयीने अक्षरांवर तुटून पडलो. अर्ध्या तासाने लक्षात आलं की अक्षरांत काही चुकलेलंच नाही. काळं अक्षर काचेत प्रकाश टाकत नाही, त्यामुळे काचेतून सगळ्यात स्वच्छ दिसतं ते नेमकं त्या अक्षरांच्या आत. घाण आहे ती भोवतीच्या पांढऱ्या पाटीची, जी सगळ्या दृश्यावर दुधाळ पडदा टाकते. अक्षरं म्हणजे त्या पडद्याला पडलेली भोकं. मग अक्षर उजळ करून भोवतीच्या दुधात मिसळवून टाकणं म्हणजे एकमेव चांगली जागा बिघडवणं. वजा करायचा तो भोवतीचा पडदा, आणि तो किती करायचा हे अक्षराच्या आतला रंग सांगतो. मोजायला घरबसल्या मिळालेली स्वच्छ जागा!

८. जागेवर असाल तर समोर जाऊन विचारा

चकाकी घालवणारा पोलरायझर फिल्टर लावून बघा, असं प्रत्येक जण सुचवतो. तो काचेच्या सरळ समोरून बघताना जवळजवळ काहीच करत नाही. त्याचा पूर्ण परिणाम दिसतो तो काचेला लंब धरलेल्या रेषेपासून ५६ अंशांच्या आसपास कडेला गेलात तर, आणि तिथून शोकेस इतकी तिरकी दिसते की काका फोटो घेणार नाहीत. मी तेव्हा वीसेक अंशांवर होतो. फिल्टर लावला असता तर प्रकाश दीड स्टॉप गेला असता आणि ‘चष्मे’ तसेच राहिले असते.

आता मी कॅमेरा लावला की आधी समोरच्या दुकानात जातो. “दोन मिनिटं पाटी बंद करता का?” नव्वद टक्के लोक करतात, चहाही विचारतात. जे नाही करत, तिथे मदतनीस काळी छत्री उघडून माझ्या मागे रस्त्याकडेला उभा राहतो, पाटी आणि काच यांच्या मधल्या रेषेत. छत्री काचेच्या जितकी जवळ तितकी ती पाटीचा जास्त भाग अडवते, मात्र फ्रेममध्ये यायला लागली की मागे सरायचं. वाहत्या रस्त्यावर हे दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त जमत नाही, पण फोटोला तेवढे पुरतात.

९. काच नाहीशी करू नका

काकांना दुसरी प्रिंट दाखवली. मोर आपल्या जागी, एकमेकांकडे बघणारे, नखं मोजता येतील असे. मी तोऱ्यात होतो. म्हणून तर जाता जाता काचेवरची बाकीची चकाकीही उतरवली होती. आकाशाचा वरचा निळसर पट्टा, कडेच्या दिव्याची उभी रेघ, सगळं. काका बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “मोर बरोबर आहेत. पण काच कुठं गेली? ही साडी रस्त्यावर टांगल्यासारखी वाटतीय.”

युजीन आत्जेने १९२५ मध्ये पॅरिसच्या अव्हेन्यू दे गोबलँवर एका कपड्याच्या दुकानाची खिडकी टिपली. त्यात सूट घातलेले पुतळे आणि समोरच्या इमारती-झाडं एकमेकांत मिसळलेली आहेत, कुठलं आतलं आणि कुठलं बाहेरचं हे क्षणभर कळत नाही. त्यातलं प्रतिबिंब काढलं तर एक साधं दुकान उरेल. मला ते चित्र माहीत होतं, तरी काम करताना आठवलं नाही.

परत बसलो. पाटीचा थर तसाच ठेवला, बाकीची उतरवलेली चकाकी परत आणली. आकाशाचा पट्टा निम्म्यावर, दिव्याची उभी रेघ पूर्ण. ती पदराला जिथे ओलांडते तिथे मोराच्या पिसाऱ्यावर थोडी पडली आहे, ती तशीच राहू दिली. तिसरी प्रिंट नेली. काकांनी त्या रेघेवरून बोट वरून खाली नेलं आणि म्हणाले, “हां, आता आत आहे.”

मग प्रिंट परत नाकाजवळ नेली आणि मोर पुन्हा एकदा मोजले.